नकाशातला बाण उलटा दाखवतोय? आधी कव्हर काढा, मग आठ काढा

माझी मावशी बार्शीहून पहिल्यांदाच एकटी पुण्यात आली. स्वारगेटला एसटीतून उतरली, तिथून मेट्रोने मंडईला गेली, तुळशीबागेतून दोन वस्तू घेतल्या आणि मला फोन केला, "अगं, मी निघाले शनिवारवाड्याकडे. नकाशा लावलाय, येते चालत." पंधरा मिनिटांची वाट. पंचवीस मिनिटांनी पुन्हा फोन, या वेळी आवाज जरा घाबरलेला. "अगं, मी परत स्वारगेटजवळ आल्यासारखी वाटतेय. बाण सांगतोय तसंच चालले मी!"

ती खरंच बाण सांगत होता तशीच चालली होती. बाणच चुकीचा होता. शनिवारवाडा मंडईच्या उत्तरेला आहे आणि ती शिवाजी रस्त्याने सरळ दक्षिणेला गेली होती. दोष तिचा नव्हता, नकाशाचाही नव्हता. तिच्या फोनला पाकिटासारखं उघडणारं कव्हर होतं आणि ते बंद राहावं म्हणून त्याच्या पट्टीत नखाएवढं चुंबक बसवलेलं होतं. त्या चुंबकाने फोनच्या होकायंत्राला पुरतं भुलवलं होतं.

पुण्यात नव्याने आलेल्यांना हा त्रास जास्त होतो, कारण त्यांचा सगळा भरवसा त्या बाणावर असतो. पेठांमध्ये दर पन्नास पावलांवर बोळ फुटतो. अशा वेळी "आत्ता माझं तोंड कुठल्या दिशेला आहे?" हे फोनने चुकीचं सांगितलं की माणूस थेट उलट्या वाटेला लागतो. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. अँड्रॉइड फोन आणि गूगल मॅप्स डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, आयफोनचं वेगळं आहे ते पुढे येईल.

आधी बघा, नेमकं काय चुकतंय

नकाशात तुमची जागा निळ्या ठिपक्याने दिसते. ठिपक्यातून टॉर्चच्या प्रकाशासारखा एक निळा झोत निघालेला असतो, मावशीचा बाण तो हाच. ठिपका सांगतो तुम्ही कुठे आहात, झोत सांगतो तुमचा फोन कुठल्या दिशेला रोखलेला आहे. या दोन गोष्टी फोन दोन वेगळ्या ठिकाणांहून शिकतो. ठिपका उपग्रहांवरून येतो, झोत फोनच्या आतल्या होकायंत्रावरून.

तुम्ही तुळशीबागेत आहात आणि ठिपका नदीपात्रात दिसतोय, तर तो जीपीएसचा प्रश्न. त्याला या लेखातला उपाय लागू नाही. दाटीच्या इमारतींमधून बाहेर मोकळ्यावर या आणि मिनिटभर थांबा, बहुतेकदा तो आपोआप जागेवर येतो. पण ठिपका बरोबर जागी आहे आणि झोत मात्र भलतीकडे वळलेला आहे, तर पुढे वाचा.

त्याआधी एक छोटी खात्री. कधी कधी झोत बरोबर असतो, नकाशाच फिरलेला असतो. बोटांनी नकाशा हलवताना तो गोल फिरतो आणि वरची बाजू उत्तर राहत नाही. तसं झालं की कोपऱ्यात होकायंत्राचं छोटं गोल चिन्ह दिसतं, त्यातलं लाल टोक उत्तर दाखवतं. त्या चिन्हावर एकदा टिचकी मारा, नकाशा पुन्हा उत्तर वर करून उभा राहील. आता झोत बघा.

झोताची रुंदीही बोलकी असते. अरुंद झोत म्हणजे फोनला दिशेची खात्री आहे. पसरट पंख्यासारखा झोत म्हणजे फोन स्वतःच सांगतोय की माझा अंदाज कच्चा आहे. मात्र अरुंद झोत म्हणजे बरोबर झोत असं समजू नका. मावशीच्या फोनवर तो चांगला अरुंद होता आणि तरीही साफ चुकीचा.

स्वतःभोवती एक गिरकी

आता चुंबकाचा संशय खरा की खोटा, हे ओळखायची एक खूण सांगते. मला ती सगळ्यात भरवशाची वाटते.

फोन तळहातावर आडवा धरा, नेहमी नकाशा बघताना धरता तसा. झोत कुठे आहे ते लक्षात ठेवा. मग पाय उचलून स्वतःभोवती अर्धी गिरकी घ्या, पाठ होती तिकडे तोंड करा, आणि तिथेच दहा-पंधरा सेकंद उभे राहा.

होकायंत्र ठीक असेल तर झोतही अर्धा वळेल आणि तिथेच राहील. चुंबक अडथळा करत असेल तर फार विचित्र गोष्ट दिसते. तुम्ही वळताच झोत वळतो, आणि मग तुम्ही हललेलेही नसताना तो हळूहळू सरकत पहिल्या जागी परत येतो. याचं कारण असं, की फोनमध्ये वळण ओळखणारा आणखी एक सेन्सर असतो, जायरोस्कोप. त्याला चुंबकाशी देणंघेणं नसतं, म्हणून तो तुमचं वळणं लगेच पकडतो. पण त्याला उत्तर कुठे आहे ते ठाऊक नसतं, त्यासाठी फोन होकायंत्राचंच ऐकतो. होकायंत्र म्हणत असतं, "छे, आपण अजून दक्षिणेलाच बघतोय," आणि फोन झोत परत ओढून आणतो.

मावशीचं नेमकं असंच झालं होतं. ती उभी होती शनिवारवाड्याकडेच तोंड करून. झोत दक्षिण दाखवत होता. तिला वाटलं आपण उलट्या बाजूला तोंड केलंय, म्हणून ती वळली. वळताच झोत उत्तरेला आला, तिचं समाधान झालं, आणि फोन खाली करून ती दक्षिणेला चालू लागली. झोत परत सरकला तेव्हा ती त्याच्याकडे बघत नव्हती.

एवढंसं चुंबक एवढं कसं करतं

फोनमधलं होकायंत्र म्हणजे मॅग्नेटोमीटर नावाचा तांदळाच्या दाण्याएवढा सेन्सर. सुई वगैरे काही नसते. त्याच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र तीन दिशांनी किती आहे ते तो मोजतो आणि त्यावरून उत्तर कुठे ते गणित फोन करतो. हे क्षेत्र मोजायचं माप मायक्रोटेस्ला. पृथ्वीचं क्षेत्र जगभरात साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं, पुण्याच्या भागात ते चाळीसच्या थोडं वर येतं. त्यातला जमिनीला समांतर असा जो भाग दिशा सांगतो तो साधारण ३८. म्हणजे सगळा खेळ या इतक्या क्षीण क्षेत्रावर चालतो.

आता समजा कव्हरच्या चुंबकाने सेन्सरच्या जागी बाजूने तेवढंच, म्हणजे ३८ मायक्रोटेस्ला क्षेत्र घातलं. दोघांची ओढ सारखी झाली की फोनला उत्तर दोघांच्या मधोमध वाटते, म्हणजे थेट ४५ अंशांची चूक. चुंबक त्याच्या चौपट जोरात असेल तर पृथ्वीची ओढ जवळजवळ बुडून जाते. तुम्ही पूर्ण गोल फिरलात तरी फोनची दिशा जेमतेम पंधरा अंश इकडेतिकडे हलते.

हे मापन किती नाजूक असतं याची एक आपल्या जवळची गोष्ट आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजलं जायचं. शहरात विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या विजेच्या प्रवाहाने मोजणी बिघडेल म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं गेलं, आणि अलिबागची वेधशाळा आजही ते करते. शास्त्रज्ञांनी ट्रामपासून दूर जायला खाडी ओलांडली. आपण मात्र त्याच क्षेत्राचं मोजमाप करणाऱ्या सेन्सरला चुंबक चिकटवून फिरतो.

सुदैवाने चुंबकाचा जोर अंतराबरोबर फार झपाट्याने घटतो. लहान चुंबकापासूनचं अंतर दुप्पट केलं की त्याचं क्षेत्र आठपट कमी होतं. सेन्सरपासून दोन सेंटिमीटरवर जे चुंबक धुमाकूळ घालतं, ते आठ सेंटिमीटरवर चौसष्टपट क्षीण होतं. म्हणूनच पाकीट-कव्हर नेमकं कसं धरलंय याने एवढा फरक पडतो. झाकण उघडून बाजूला लोंबत असेल तर चुंबक दूर असतं आणि बाण बऱ्यापैकी बरोबर असतो. पण चालताना एका हातात फोन धरायला सोयीचं म्हणून आपण झाकण पुस्तकाच्या पानासारखं उलटून फोनच्या पाठीला लावतो. तेव्हा पट्टीतलं चुंबक फोनच्या पाठीवर येऊन बसतं, कधी कधी अगदी सेन्सरच्या मागे.

आपल्या कव्हरमध्ये चुंबक आहे की नाही हे कळत नसेल तर घरातली टाचणी किंवा स्टेपलरची पिन घ्या आणि कव्हरवरून सगळीकडे फिरवा. बंद करायची पट्टी, झाकणाची कड, पाठीवरची अंगठी, सगळं बघा. पिन जिथे चिकटेल तिथे चुंबक. काही कव्हरांमध्ये पट्टी नसते, तरी झाकण मिटताच स्क्रीन बंद होतो. तिथेही झाकणाच्या कडेत छोटं चुंबक दडलेलं असतं, फोन त्यावरूनच झाकण मिटल्याचं ओळखतो.

आता दुरुस्ती, याच क्रमाने

पहिलं काम, फोन कव्हरमधून पूर्ण बाहेर काढा. नुसतं झाकण उघडून भागत नाही. गाडीतल्या चुंबकी होल्डरसाठी फोनच्या पाठीवर किंवा कव्हरच्या आत लोखंडी चकती चिकटवली असेल तर तीही काढा. ती चुंबक नसली तरी लोखंड आजूबाजूचं क्षेत्र वाकवतं, आणि रोज चुंबकाला चिकटून ती स्वतःही थोडी चुंबक झालेली असते. कव्हर काढून ठेवताना ते दुसऱ्या हातात धरू नका, पिशवीत टाका. इअरफोनमध्येही चुंबक असतात, ते गळ्यात असतील तर तेही बाजूला ठेवा.

दुसरं, जागा बदला. पार्क केलेल्या दुचाकींच्या रांगेत, लोखंडी कठड्याला टेकून किंवा दुकानाच्या शटरसमोर उभं राहून काहीही करू नका. मेट्रो स्टेशनाच्या आत, सरकत्या जिन्याजवळही नको. चार-पाच मीटर मोकळी जागा पुरते. मैदान, बागेतली पायवाट, वाड्याचं अंगण असं काहीही चालेल.

तिसरं, आठ काढा. हा आठ बहुतेक जण चुकीचा काढतात, म्हणून इथे जरा थांबते. दुचाकीच्या लायसन्ससाठी आरटीओत आठ काढावा लागतो, तो जमिनीवर सपाट असतो. लोक फोनचाही तसाच काढतात, स्क्रीन आभाळाकडे ठेवून हवेत नुसता आठचा आकडा गिरवतात. त्याने काम अर्धवटच होतं. इथे आठच्या आकाराला महत्त्व नाही, फोन सगळ्या अंगांनी वळण्याला आहे.

असं करा. फोन घट्ट धरा, हात कोपरात थोडा वाकवून समोर न्या. आता आडवा आठ काढायला लागा आणि त्याबरोबर मनगट फिरवत राहा. आठच्या उजव्या पोटात जाताना फोन उजव्या कडेवर कलंडू द्या, मध्ये परत येताना स्क्रीन वर, डाव्या पोटात डाव्या कडेवर. दुसऱ्या फेरीत फोनचं डोकं खाली आणि शेपूट वर होईल असं मनगट उलटा, मधे कधीतरी स्क्रीन जमिनीकडेही बघू दे. पोळीला दोन्ही बाजूंनी आणि कडेनेही शेक लागला पाहिजे ना, तसं. घाई नको. एका आठाला तीन-चार सेकंद, असे चार-पाच आठ. पंधरा-वीस सेकंदांत होतं.

नकाशा उघडा ठेवूनच हे केलं तर बरं. गूगल मॅप्समध्ये निळ्या ठिपक्यावर टिचकी मारली की खाली `Calibrate` असा पर्याय येतो. आवृत्तीप्रमाणे शब्द थोडे वेगळे असतील. काही फोनवर तिथे आठ काढण्याचं चित्र दिसतं. काही फोनवर त्याऐवजी कॅमेरा उघडतो आणि समोरच्या इमारती व पाट्या दाखवायला सांगतो. कॅमेऱ्याचा प्रकार उजेडात उत्तम चालतो, कारण त्यात फोन समोरचं दृश्य ओळखून दिशा ठरवतो. आजूबाजूला लोखंडच लोखंड असेल तेव्हा तोच बरा. पण त्याने त्या वेळेपुरती दिशा सुधारते, कव्हरचं चुंबक काही पळून जात नाही.

चौथं, तपासा. कुठल्याही सरळ रस्त्याच्या कडेला, रस्त्याच्या लांबीकडे तोंड करून उभे राहा. नकाशात झोत त्या रस्त्यावरून सरळ गेला पाहिजे. मग मघाची अर्धी गिरकी पुन्हा घ्या आणि दहा-पंधरा सेकंद थांबा. झोत मागे सरकला नाही तर काम झालं.

शहराच्या मध्यभागी असाल तर याहून सोपी खूण आहे. शनिवारवाड्याचा मुख्य दरवाजा, दिल्ली दरवाजा, उत्तरेला तोंड करून आहे. बाहेरच्या बाजूला त्याच्याकडे पाठ करून उभे राहिलात की तुमचं तोंड उत्तरेला. झोत नकाशाच्या वरच्या बाजूला गेला पाहिजे, होकायंत्राच्या अ‍ॅपमध्ये आकडा ०° च्या जवळ यायला हवा. दहा-पंधरा अंश इकडेतिकडे चालतील. फक्त दरवाजाला खेटून उभे राहू नका, त्याच्या फळ्यांवर हत्तींना रोखणारे मोठमोठे खिळे आहेत. दहा-बारा पावलं पुढे अंगणात या. नकाशाची उत्तर आणि चुंबकाची उत्तर यांत जगात कित्येक ठिकाणी बरंच अंतर असतं, पण पुण्यात तो फरक एका अंशाहूनही कमी आहे. त्यामुळे त्याचा हिशोब करायची इथे गरज नाही.

आठ काढूनही बिघडतं ते इथे

बरेच जण म्हणतात, "मी तर रोज आठ काढतो, काही फरक पडत नाही." त्यांना मी एकच विचारते, आठ काढताना कव्हर कुठे होतं?

आठ काढल्याने नेमकं काय होतं ते किराणा दुकानातल्या काट्यावरून कळेल. तुम्ही तेल घ्यायला घरून भांडं नेलंत तर वाणी आधी रिकामं भांडं काट्यावर ठेवतो, आकडा शून्यावर आणतो आणि मग तेल ओततो. भांड्याचं वजन वजा झालेलं असतं. फोन तेच करतो. तुम्ही तो सगळीकडून फिरवता तेव्हा पृथ्वीचं क्षेत्र फोनच्या हिशोबाने दिशा बदलत राहतं, पण फोनलाच चिकटलेल्या चुंबकाचं क्षेत्र फोनबरोबर फिरतं, त्याच्या दृष्टीने ते जागचं हलत नाही. जे हलत नाही ते "माझंच वजन" असं समजून फोन वजा करून टाकतो. म्हणून तर सगळ्या अंगांनी फिरवायचं. एकाच बाजूने फिरवलं तर हलणारं कोणतं आणि न हलणारं कोणतं, हे त्याला सगळ्या दिशांनी कळतच नाही.

आता झाकण मिटून किंवा पाठीला लावून तुम्ही आठ काढलात तर फोनने त्या जागच्या चुंबकाचं वजन वजा केलं. त्या क्षणी बाण बरोबरही येईल. मग तुम्ही झाकण उघडून बाजूला सोडलंत. भांडं बदललं! आता चुंबक तिथे नाही, पण फोन ते आहे असं धरून वजाबाकी करतोच आहे. बाण पुन्हा चुकला, आणि या वेळी उलट बाजूने. म्हणूनच कव्हर काढून आठ काढायचा, आणि चुंबक असलेलं कव्हर वापरायचंच असेल तर नकाशा बघताना फोन त्यातून बाहेर काढायचा.

फोनमध्ये घट्ट बसवलेलं आणि कधीच न हलणारं चुंबक त्या मानाने कमी त्रासाचं, कारण एकदा केलेली वजाबाकी टिकते. फोनच्या आत स्पीकरचं चुंबक असतंच की, तरी होकायंत्र चालतं. घात करतं ते हलणारं चुंबक. आणि चुंबक अगदी सेन्सरवरच येत असेल तर क्षेत्र त्याच्या मोजायच्या मर्यादेबाहेर जातं, तिथे कितीही आठ काढले तरी उपयोग नाही.

ज्यांना हे आकड्यांत बघायचं आहे त्यांनी `phyphox` हे फुकट मिळणारं अ‍ॅप घ्यावं. त्यात मॅग्नेटोमीटरचा प्रयोग उघडला की क्षेत्र मायक्रोटेस्लामध्ये दिसतं, एकूण किती तेही. मावशीच्या फोनवर मी तिच्यासमोरच बघितलं. फोन उघडा असताना ४३, आणि कसाही फिरवला तरी दोन-तीनचाच फरक. कव्हर घालून झाकण बाजूला लोंबतं ठेवलं तर ४९. झाकण पाठीमागे दुमडलं आणि आकडा १९० वर गेला. मावशी चष्मा वर करून म्हणाली, "एवढ्याशा पट्टीनं?" मी पट्टी पाठीपासून बोटभर उचलली, आकडा खाली आला. टेकवली, परत वर.

यात बघायच्या दोनच गोष्टी आहेत. फोन जागच्या जागी फिरवताना एकूण आकडा बदलू नये. तो बदलत असेल तर आठ नीट निघालेला नाही. आणि फोन स्थिर ठेवून झाकण हलवल्यावर आकडा बदलू नये. तो बदलला तर चुंबकच दोषी.

आठ लागू पडत नाही अशा जागा

स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये मॅग्नेटोमीटर नसतोच. अशा फोनवर उभं असताना नुसता ठिपका दिसतो, झोत येत नाही, आणि `phyphox` मध्ये तो प्रयोग फिका दिसतो. तिथे आठ काढत बसू नका. वीस-तीस पावलं कुठेही चाला आणि ठिपका कुठे सरकतो ते बघा. ठरलेल्या वाटेवर सरकला तर ठीक, उलटा सरकला तर वळा. खरं तर होकायंत्रावर संशय असलेल्या कुणीही हेच करावं, ठिपक्याचा प्रवास खोटं बोलत नाही.

गाडीवरचं गणितही असंच आहे. वेगात असताना नकाशा दिशा जीपीएसवरून, म्हणजे तुम्ही खरंच कुठे सरकताय त्यावरून घेतो. त्यामुळे चुंबकी होल्डरमध्ये फोन असूनही रस्त्यात बाण सरळ असतो. तो चुकतो पार्किंगमधून निघताना आणि सिग्नलला थांबल्यावर. पहिलं वळण बाणावर घेऊ नका, रस्त्याचं नाव वाचून घ्या. एकेरी रस्त्यांच्या मध्य पुण्यात ते पहिलं चुकीचं वळण दोन किलोमीटरला पडतं. होल्डर घ्यायचाच तर पकडीचा घ्या.

आयफोनवर आठ काढायचा प्रसंग सहसा येत नाही, वापरता वापरता तो स्वतःच हिशोब जुळवतो. पण त्यासाठी एक बटण चालू असावं लागतं:

`Settings > Privacy & Security > Location Services > System Services > Compass Calibration`

चुंबकी कव्हरचा त्रास त्यालाही तेवढाच होतो, तेव्हा कव्हर काढायची पायरी त्यालाही लागू.

सिंहगडावर किंवा कुठल्याही डोंगरावर असाल तर फोन खडकावर ठेवून दिशा बघू नका. आपला काळा बेसाल्ट लोहयुक्त आहे, त्यात चुंबकीय कण असतात आणि खडकाला टेकलेल्या फोनचा बाण त्यांनी हलू शकतो. छातीच्या उंचीवर धरला की बहुतेकदा पुरतं.

चुंबकाने फोन कायमचा बिघडतो का, असंही लोक काळजीने विचारतात. सहसा नाही. कव्हर काढून नीट आठ काढला की होकायंत्र परत ताळ्यावर येतं. कव्हर काढून, मोकळ्या मैदानात, दोन-तीनदा आठ काढून आणि फोन बंद-चालू करूनही गिरकीच्या परीक्षेत झोत मागे सरकतच असेल, तर मात्र सेन्सरमध्ये दोष धरावा आणि फोन दुरुस्तीला दाखवावा.

त्या दिवशी फोनवर मी मावशीला एवढंच सांगितलं, "फोन कव्हरातून बाहेर काढ, कव्हर पिशवीत टाक, दुचाक्यांपासून लांब हो." मग आठ कसा काढायचा ते सांगितलं. रस्त्यात उभं राहून हात फिरवायला ती आधी लाजली, मग काढले तिने चार आठ. "आता झोत वळला गं," म्हणाली, "आणि तिथंच थांबलाय." चाळीसेक मिनिटांनी ती दिल्ली दरवाजासमोर आली, उघडा फोन हातात धरून. संध्याकाळी आम्ही तिच्यासाठी साधं रबरी कव्हर घेतलं. दुकानातच तिने पर्समधली पिन काढून त्याच्यावरून फिरवून बघितली.